घरातल्या समारंभात फोनने सुस्पष्ट फोटो कसे काढावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, पहिला वाढदिवस, घरात काहीही असलं की फोटो काढायचं काम माझ्याकडे येतं. कार्यक्रम संपला की नातेवाइकांचे प्रश्नही माझ्याकडेच येतात. खालचे प्रश्न त्यांतलेच आहेत. उदाहरणासाठी मी बहुतेक ठिकाणी एकच प्रसंग धरला आहे, तो म्हणजे बहिणीच्या घरचं बारसं. वेळ संध्याकाळी साडेसातची, बारा बाय सोळा फुटांचा हॉल, भिंतीवर एक एलईडी ट्यूब, मधोमध फुलांनी सजवलेला पाळणा आणि त्याभोवती तीस-चाळीस माणसं. या हॉलमध्ये मी तीन वर्षांच्या अंतराने दोन बारशी टिपली. आधी भाच्याचं, नंतर भाचीचं. पहिल्या वेळचे फोटो हातचे गेले, दुसऱ्या वेळचे जमले. मधल्या काळात फोन बदलला नव्हता.

गच्चीवर दुपारी इतके छान फोटो येतात, मग तोच फोन घरात का बिघडतो?

प्रकाश कमी पडतो म्हणून. आपल्याला तो कमी वाटत नाही, हीच अडचण आहे. भर उन्हात उजेड साधारण एक लाख लक्स असतो. संध्याकाळी दिवे लावलेल्या घरात तो शंभर ते तीनशे लक्सच्या आसपास असतो, म्हणजे काहीशे पटींनी कमी. आपले डोळे जुळवून घेतात, त्यामुळे हॉल आपल्याला लख्ख दिसतो.

फोनला मात्र असं जुळवून घेता येत नाही. बहुतेक फोनच्या भिंगाचं तोंड ठरावीक मापाचं असतं, ते जास्त उघडत नाही. मग फोनकडे दोनच उपाय उरतात. एक, शटर जास्त वेळ उघडं ठेवून प्रकाश गोळा करायचा. दोन, मिळालेला अपुरा प्रकाश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाढवायचा, ज्याला आयएसओ वाढवणं म्हणतात. पहिल्या उपायाने हलणारी माणसं पुसट होतात. दुसऱ्याने फोटोत दाणे येतात, आणि ते दाणे पुसायला फोन जी सफाई करतो तिच्यात केस, पापण्या, साडीची वीण सगळं लिंपल्यासारखं होतं. फोन स्वतःहून या दोन्हींत तडजोड करतो, पण ती करताना समोर झोपलेलं बाळ आहे की नाचणारी पोरं, हे त्याला दर वेळी कळतंच असं नाही. ते त्याला आपण सांगायचं असतं.

फोटो खराब आलाय हे दिसतं. पण चूक हाताची, फोकसची की आणखी कशाची, हे कसं ओळखायचं?

फोटो मोठा करून पाहा आणि आधी त्यात स्पष्ट काय आलंय ते शोधा.

पाळण्याच्या दोऱ्या, भिंतीवरचं घड्याळ, जमिनीवरची रांगोळी हे सगळं कोरीव आलंय, आणि माणसांचे हात-चेहरेच पुसट असतील तर माणसं हलली. घड्याळासकट सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर तुमचा हात हलला. मागचा पडदा स्वच्छ आहे पण पुढे बसलेल्या आजीचा चेहरा मऊ आहे, तर फोकस पडद्यावर गेला. काहीच हललेलं नाही पण चेहरे मेणाचे किंवा तैलरंगात रंगवल्यासारखे दिसतात, तर प्रकाश फारच कमी होता आणि आयएसओ फार वर गेला. सगळ्यावर धुरकट पडदा असेल आणि दिव्यांभोवती तेजोवलय दिसत असेल, तर भिंगावर बोटांचं तेल आहे. समारंभात हे फार होतं, कारण फोन दहा हातांतून फिरतो आणि त्यातले काही हात नुकतेच जिलेबी खाऊन आलेले असतात. सुती कापडाने पुसा, बस.

शंका उरली तर आकडे पाहा. गॅलरीत फोटो उघडून बोट खालून वर सरकवलं की बऱ्याच फोनमध्ये त्या फोटोची माहिती येते. त्यात १/२५ किंवा १/१०० असा आकडा असतो. शटर सेकंदाचा किती भाग उघडं होतं, ते त्यावरून कळतं. शेजारी ISO असतो. मी दर समारंभानंतर फसलेले पाच फोटो घेऊन हे आकडे वाचतो. भाच्याच्या बारशाच्या फसलेल्या फोटोंवर १/१५, १/१२, एकदा तर पूर्ण १ सेकंद असे आकडे होते. म्हणजे फोकसला दोष देण्यात अर्थ नव्हता. घरातल्या फसलेल्या फोटोंत माझ्या अनुभवाने सर्वांत जास्त भरणा याच प्रकारचा असतो. लोक मात्र म्हणतात, ‘फोकस गेला’.

मग शटरचा आकडा किती हवा?

समोर काय चाललंय त्यावर. शांत झोपलेल्या बाळाला किंवा पाटावर स्थिर बसलेल्या आजोबांना १/३० चालतो. गप्पा मारणाऱ्या, हसणाऱ्या माणसांना १/६० ते १/१०० लागतो. ओटी भरणारे हात, टाळ्या, पेढा भरवणं यांना १/१०० ते १/१२५. पळणाऱ्या पोरांना १/२५० तरी हवाच, आणि तो संध्याकाळच्या हॉलमध्ये मिळणं कठीण असतं.

हे का, ते एका हिशेबाने कळेल. टाळी वाजवणारा हात सेकंदाला एक मीटर सरकतो असं धरू. शटर १/१५ सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात हात जवळपास सात सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे फोटोत सात सेंटिमीटरचा फराटा. १/१०० ला तोच हात एक सेंटिमीटर सरकतो. हा पुसटपणा दिसतो, पण खुपत नाही, उलट फोटोत जीव आल्यासारखा वाटतो.

फोनमध्ये हात स्थिर ठेवणारी यंत्रणा असली तरी हा हिशेब बदलत नाही. ती तुमच्या हाताचा कंप सावरते, समोरच्याचा हात थांबवू शकत नाही.

नाइट मोड समारंभात चालू ठेवावा की बंद?

माणसं असतील तर बंद, वस्तू असतील तर चालू. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाइट मोडमध्ये फोन एक फोटो काढत नाही. एक-दोन-तीन सेकंदांत तो बरेच फोटो घेतो, ते एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, म्हणून सरासरीत ते विरतात, आणि जे जागच्या जागी आहे ते स्वच्छ उठून येतं. पण जे हललं ते प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतं. मग फोन एकतर त्याची पुसट सावली ठेवतो, नाहीतर तेवढ्या भागापुरता एखादाच फोटो वापरतो, आणि तो भाग बाकीच्यांपेक्षा दाणेदार, खरबरीत दिसतो.

भाच्याच्या बारशाला माझं नेमकं हेच झालं. बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून आत्या नाव सांगते आणि त्याच क्षणी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. बारशातला तो सगळ्यांचा आवडता क्षण. हॉल अंधारा वाटला म्हणून फोनने आपणहून नाइट मोड लावला होता आणि मी तो पाहिला नाही. आलेल्या फोटोत पाळणा अप्रतिम होता, शेवंतीची पाकळी न् पाकळी मोजता येत होती. आत्याला दोन डोकी होती आणि मागच्या बायकांच्या हातांच्या जागी धुकं होतं.

म्हणून नाइट मोड कार्यक्रम सुरू होण्याआधी वापरा. सजवलेला रिकामा पाळणा, दारातली रांगोळी, मांडून ठेवलेली ओटी, रुखवत, गणपतीतलं मखर, गाढ झोपलेलं बाळ यांच्यासाठी त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही. फोन दोन्ही हातांत धरा, कोपर बरगड्यांना टेकवा किंवा पाठ भिंतीला लावा. बटण दाबल्यावर पडद्यावरचं वर्तुळ किंवा आकडा पूर्ण होईपर्यंत फोन हलवू नका. बटण दाबलं की फोटो झाला असं समजून फोन खाली घेणारे बरेच जण मी पाहिले आहेत. त्यांचे फोटो तिथेच बिघडतात.

तो आपोआप लागतो. बंद कसा करायचा?

आयफोनवर (११ आणि त्यापुढचे बहुतेक) अंधार असला की पिवळी चंद्रकोर दिसते आणि तिच्याशेजारी सेकंदांचा आकडा येतो. तिच्यावर बोट ठेवून बंद करा. कॅमेरा पुन्हा उघडला की तो परत लागतो, म्हणून Settings मध्ये Camera, त्यात Preserve Settings, आणि तिथे Night Mode हे बटण चालू करा. म्हणजे तुम्ही बंद केलेला मोड बंदच राहतो. अँड्रॉइडवर कंपनीप्रमाणे जागा बदलते. पडद्याच्या कोपऱ्यात चंद्राचं चिन्ह असेल तर त्यावर टॅप करून पाहा, नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शोधा. पिक्सेलवर त्याचं नाव Night Sight आहे. हे समारंभाच्या आदल्या रात्री घरी दिवे मंद करून एकदा करून पाहा, ऐनवेळी मेनू सापडत नाहीत.

माझ्या फोनमध्ये शटरचा आकडा बदलताच येत नाही. मग काय करू?

आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात आणि अनेक स्वस्त फोनमध्ये तो थेट बदलता येत नाही हे खरं. पण आडवाटेने बदलता येतो. चेहऱ्यावर टॅप करा, शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती थोडी खाली ओढा. फोटो जरासा काळवंडला की फोनला कमी प्रकाश पुरतो, आणि मग तो शटर लवकर मिटतो किंवा आयएसओ खाली आणतो, बहुधा दोन्ही थोडं थोडं करतो. एक पायरी म्हणजे प्रकाश निम्मा, इथे अर्धा ते पाऊण पायरी खाली पुरे. नंतर गॅलरीत तो थोडा उजळता येतो. काळवंडलेला पण स्थिर फोटो सावरता येतो, उजळ पण हललेला सावरता येत नाही. फार खाली मात्र नेऊ नका. सावळा चेहरा आणि गडद शालू यांच्या सावल्यांत दाणे भरतात, आणि उजळवल्यावर ते वर येतात.

दुसरी वाट प्रकाशाची, आणि तीच खरी. एकाच उघड्या बल्बपासून माणूस दोन मीटरऐवजी एक मीटरवर आला तर त्याच्यावर चौपट प्रकाश पडतो. लांब ट्यूबच्या बाबतीत फरक इतका नसतो, तरी चांगला जाणवतो. म्हणून पाळणा कुठे बांधायचा हे ठरवताना मी आता हजर असतो. खोलीच्या मधोमध तो शोभतो, पण ट्यूबच्या भिंतीकडे तीन-चार फूट सरकवला तर फोटो बदलतात.

प्रो मोडमध्ये कोणते आकडे लावायचे?

प्रो मोड म्हणजे शटर आणि आयएसओचे आकडे आपण हाताने ठरवायची सोय. भाचीच्या बारशाचा हिशेबच सांगतो.

बाळ पाळण्यात घालायच्या अर्धा तास आधी मी रिकाम्या पाळण्याचा एक साधा ऑटो फोटो काढला आणि माहिती पाहिली. शटर १/२५, आयएसओ ६४०. मला धपाट्यांसाठी १/१०० हवं होतं. ते १/२५ पेक्षा चौपट वेगवान, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश. तो भरून काढायला आयएसओ चौपट करावा लागणार, ६४० चा २५६०. माझ्या फोनवर २५६० ला चेहरे लिंपल्यासारखे होतात, हे मी आधी तपासलं होतं.

मग प्रकाश वाढवायचा ठरवलं. शेजारच्यांकडून वीस वॅटचा एलईडी दिवा आणला आणि कपाटावर ठेवून त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे केलं. थेट पाळण्यावर मारला असता तर बाळाच्या डोळ्यांवर आला असता आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडल्या असत्या. छतावर आपटून आलेला प्रकाश मऊ पडतो. पाळण्यापाशी उजेड साधारण दुप्पट झाला, म्हणून आयएसओ निम्म्यावर, १२८० च्या जवळ. एवढा आयएसओ माझ्या फोनला झेपतो. Pro मोडमध्ये SPEED १/१०० आणि ISO १२५० लावला आणि नंतर तासभर आकड्यांना हात लावला नाही.

या मोडची एक मेख आहे. आकडे बांधले की फोन प्रकाशानुसार बदलत नाही. मी बाळाच्या आजोबांचा फोटो काढायला बाल्कनीत गेलो तर तो काळा आला. जागा बदलली की ऑटोवर या. शिवाय काही फोनमध्ये प्रो मोडला ऑटोइतकी सफाई मिळत नाही, दाणे जास्त दिसतात. तुमच्या फोनवर १/१०० ला आयएसओ किती चढवता येतो, हे घरच्याच कुणाचे पाच-सहा फोटो काढून एकदा ठरवून ठेवा.

शटर वेगवान केलं तर फोटोत आडवे काळे पट्टे आले. कॅमेरा बिघडला का?

नाही, दिवा लुकलुकतोय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चोक असलेली जुनी ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोनचा सेन्सर फोटो एकदम न घेता ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी दिवा मंद असतानाच्या येतात आणि पट्टे दिसतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक ओळीला लुकलुकण्याची पूर्ण फेरी मिळते आणि पट्टे जातात. मी १/१२५ न घेता १/१०० घेतलं ते याच कारणाने.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या चुलतबहिणीने हेच आकडे तिथल्या मंडळाच्या गणपतीत वापरले आणि तिला पट्टे आले. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे १/१२० किंवा १/६०. लुकलुकणाऱ्या सजावटीच्या माळा आणि स्टेजवरचे रंगीत दिवे यांचं गणित वेगळंच असतं, त्यांचे पट्टे दर वेळी जातीलच असं नाही. त्या दिव्यांपासून तोंड फिरवून उभं राहणं हाच उपाय.

मी चेहऱ्यावर टॅप करतो, पण दोन सेकंदांत फोकस दुसरीकडे पळतो.

एकदा टॅप केलं तर फोन तो बिंदू थोडाच वेळ धरतो. चौकटीत कुणी आडवं गेलं, प्रकाश बदलला की तो नव्याने शोधू लागतो. म्हणून टॅप करून बोट तिथेच दाबून ठेवा. आयफोनवर वरती AE/AF LOCK अशी पट्टी येते, अनेक अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. आता फोकस आणि उजेड दोन्ही बांधले गेले. मात्र बांधलं गेलं ते अंतर, माणूस नव्हे. आत्या हातभर पुढे सरकली, तर पुन्हा बांधा.

पाळण्यापाशी एक नेहमीचा गोंधळ होतो. बाळ आत, आणि समोर फुलांच्या माळा लोंबताहेत. माळा जवळ आणि ठळक, म्हणून फोकस हमखास माळांवर बसतो. मी आधी माळांमधून मोकळी जागा शोधतो, सहसा ती पाळण्याच्या डोक्याकडच्या बाजूला असते. तिथून बाळाच्या चेहऱ्यावर बांधतो आणि मगच क्षणाची वाट पाहतो.

कमी उजेडात सपाट जागेवर फोकस बसत नाही. फोनला रेघ लागते, गडद-फिकट यांची सीमा लागते. गालावर टॅप करण्यापेक्षा डोळ्याच्या काजळावर करा. पाठमोऱ्या बाईच्या एकरंगी साडीपेक्षा काठावर करा.

बाळाच्या तळपायाचा जवळून फोटो कधीच स्पष्ट येत नाही.

फार जवळ जाता आहात. मोठा सेन्सर असलेल्या नव्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला वीतभरापेक्षा जवळचं नीट दिसत नाही. मग काही फोन आपोआप अल्ट्रावाइड कॅमेऱ्याकडे वळतात. त्याचं भिंग कमी प्रकाश घेतं आणि फोटो आणखी मऊ होतो. दीड वीत मागे या आणि २x करा. पाय तेवढाच मोठा येतो, आणि फोनची सावलीही त्याच्यावर पडत नाही.

३x किंवा ५x झूम घरात का खराब दिसतो?

त्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आणि भिंगाचं तोंड अरुंद असतं. शिवाय अंधारात बरेच फोन तो कॅमेरा वापरतच नाहीत, मुख्य कॅमेऱ्याचा फोटो कापून मोठा करून दाखवतात. पडद्यावर ३x लिहिलेलं तसंच राहतं. तपासायचं असेल तर ३x करून मुख्य भिंगावर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर फोन तेच करतोय. घरात दोन पावलं पुढे जाणं हाच झूम.

औक्षणात एकतर चेहरा काळा येतो नाहीतर निरांजनाची ज्योत पांढरा गोळा होते.

ज्योत इतकी तेजस्वी आणि चेहरा इतका मंद की दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. त्यामुळे ज्योतीवर पाणी सोडायचं आणि चेहरा धरायचा. टॅप चेहऱ्यावर करा, ज्योतीवर करू नका, मग पट्टी थोडी खाली ओढा. ज्योतीचा गाभा पांढरा राहील, पण तिच्या कडेचा केशरी रंग परत येईल आणि चेहऱ्यावरची सोनेरी झाक टिकेल. इथे मी खोलीतले दिवे कधीच बंद करायला सांगत नाही. निरांजनाच्या एकट्या उजेडात फोटो सुंदर दिसेल असं वाटतं, पण मग शटर १/१० वर जातं.

तबक फिरत असताना हात पुसट येणारच. कुंकू लावून अक्षता लावायला बोट कपाळाशी टेकतं तेव्हा सगळं क्षणभर थांबलेलं असतं. बटण तेव्हा दाबा.

मागे खिडकी असेल तर?

दिवसा कार्यक्रम असेल तर माणसांना खिडकीकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही खिडकीला पाठ करून उभे राहा. हॉलमधली सर्वांत चांगली जागा ती. बसलेल्यांना हलवणं शक्य नसेल तर चेहऱ्यावर टॅप करून बांधा, खिडकी पांढरी झाली तर होऊ द्या.

फ्लॅश मारावा का?

घरात मी मारत नाही. फोनचा फ्लॅश म्हणजे छोटा एलईडी. दोन-अडीच मीटरपलीकडे त्याचा प्रकाश पोचत नाही, म्हणून पुढचे दोघे भुतासारखे पांढरे आणि मागची खोली काळी येते. मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश क्षणार्धात चमकून हालचाल गोठवतो, हा तसा नाही. शिवाय बाळ दचकून रडलं तर पुढचे सगळे फोटो रडण्याचे.

ग्रुप फोटोत कडेची माणसं नेहमी वाईट का येतात?

सगळे मावावेत म्हणून तुम्ही ०.५x लावता म्हणून. त्या भिंगाच्या कडा मऊ असतात आणि तिथले चेहरे ताणले जातात, त्यामुळे कडेची मामी दीडपट रुंद दिसते. मुख्य कॅमेऱ्यावरच राहा, हॉल लहान पडला तर दारात किंवा स्वयंपाकघरात मागे सरका आणि माणसांना तीन ओळींत बसवा-उभं करा. तीन मीटरवरून फोनला तिन्ही ओळी सहसा पुरेशा स्पष्ट दिसतात, टॅप पहिल्या किंवा मधल्या ओळीवर करा. पोर्ट्रेट मोड ग्रुपला लावू नका. मागच्या ओळीला तो पार्श्वभूमी समजून पुसट करतो, आणि पदराच्या, गजऱ्याच्या कडा खाऊन टाकतो.

आणि एकावर थांबू नका, लागोपाठ पाच घ्या. पस्तीस माणसांत कुणीतरी डोळे मिटतंच.

व्हॉट्सॲपवर पाठवले की फोटो पुन्हा मऊ होतात.

साधा पाठवला तर तो लहान करून, दाबून जातो. पाठवताना वर HD असं चिन्ह दिसतं, ते निवडा. मूळ जसाच्या तसा हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापायला देणार असाल तर हेच करा.

आलेला पुसट फोटो नंतर ॲपमधून स्पष्ट करता येतो का?

दाणे कमी करता येतात, काळवंडलेला उजळता येतो. शार्पनेसची पट्टी फक्त असलेल्या कडा ठळक करते. सात सेंटिमीटर फराटलेल्या हाताच्या बोटांची माहिती फोटोत नसतेच, तिथे ठळक करायला काही उरलेलं नसतं.

भाचीच्या बारशाचा तो फोटो शेवटी कसा आला?

नाइट मोड बंद, दिवा छताकडे, १/१०० आणि १२५०. मी पाळण्याच्या डोक्याकडे ट्यूबला पाठ करून उभा होतो, कोपर खिडकीच्या चौकटीला टेकलेलं. आत्या वाकण्याआधीच तिला ‘ताई, तोंड जरा माझ्याकडे ठेवा’ असं सांगून ठेवलं होतं. ती वाकली तेव्हा तिच्या डोळ्याच्या काजळावर फोकस बांधला. ‘कुर्र’ ऐकू येताच बटण दाबून धरलं आणि तिचं हसू संपेपर्यंत सोडलं नाही. चौदा फोटो आले. चारांत कुणाचा तरी हात आत्याच्या तोंडावर, तिघांत तिचे डोळे मिटलेले. नवव्या फोटोत धपाटा घालणाऱ्या वहिनींची बोटं किंचित फराटली आहेत, बांगड्या मोजता येतात, आत्या तोंड उघडून हसते आहे आणि बाळ तिच्याकडे टक लावून पाहतं आहे. तो फोटो बहिणीने मोठा करून पाळणा बांधला होता त्याच भिंतीवर लावला आहे.